लेबलची अदलाबदल रिपोर्ट सुटण्याआधी पकडली, तर एनसी रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहायचं?

लेबलची अदलाबदल डॉक्टरांकडे रिपोर्ट जाण्याआधी पकडली गेली की लॅबमध्ये सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी रिपोर्ट दोन ओळींत उरकला जातो. "सॅम्पल मिसमॅच आढळला. पुन्हा सॅम्पल घेतलं, संबंधितांना समज दिली." सहा महिन्यांनी हा कागद काढला तर त्यातून काहीच कळत नाही. अदलाबदल कुठल्या टेबलावर झाली, त्या तासातल्या बाकीच्या ट्यूबचं काय झालं, 'रिपोर्ट सुटला नव्हता' हे कशावरून, यातलं एकही उत्तर त्यात नसतं. आयएसओ १५१८९:२०२२ मधलं ७.५ कलम याच प्रश्नांची उत्तरं मागतं. कलम बाजूला ठेवलं तरी तपास नीट करायचा असेल तर हे प्रश्न टाळता येत नाहीत.

एक प्रसंग उदाहरणादाखल रचून घेऊ आणि रिपोर्टचा एकेक भाग त्यावर लिहीत जाऊ. कलेक्शन सेंटर ठाण्यात नौपाड्याला, मुख्य लॅब महापे एमआयडीसीत. सोमवारी सकाळी सेंटरवर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग आहे. ८.२० ला नेट गेलं आणि ८.५० ला आलं. तोवर नोंदणी कागदी स्लिपवर चालली आणि ट्यूबवर पेनने नावं लिहिली गेली. नेट आल्यावर १४ जणांचे बारकोड एकदम छापून चिकटवले. ९.१५ ला रायडर निघाला, विटाव्याच्या पुलाखालच्या ट्रॅफिकमधून १०.२० ला लॅबमध्ये पोहोचला. ११.०५ ला सीबीसी मशीनवर बसलेल्या टेक्निशियनला लॅबच्या संगणक प्रणालीत, एलआयएसमध्ये, दोन रुग्णांवर डेल्टा चेकचा, म्हणजे मागच्या निकालाशी न जुळल्याचा, लाल झेंडा दिसला.

पहिलं काम: थांबवणं, आणि थांबलं आहे याचा पुरावा ठेवणं

एनसी रिपोर्टचं पहिलं वाक्य 'रिपोर्ट रिलीज झाला नव्हता' असं असतं. ते लिहिण्याआधी तीन ठिकाणी बघावं लागतं, आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी बघतात.

पहिलं ठिकाण म्हणजे एलआयएसमधलं स्टेटस. पण स्टेटस टेस्टनुसार वेगळं असतं. साखर आणि क्रिएटिनीन केव्हाच व्हॅलिडेट झालेलं असू शकतं आणि सीबीसी अजून पेंडिंग. पेशंटच्या ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर अर्धा रिपोर्ट आपोआप जात असेल तर तो 'सुटलेला' धरायचा. दुसरं ठिकाण म्हणजे क्रिटिकल कॉलचं रजिस्टर. हिमोग्लोबिन किंवा पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आलं तर आपण रिपोर्ट छापायच्या आधीच डॉक्टरांना फोन करतो. कागद गेला नसला तरी आकडा गेलेला असतो. तिसरं ठिकाण म्हणजे काउंटर. ओळखीतून कुणी "बघ ना जरा, काय आलंय" असं विचारलं आणि कुणी सांगितलं, असं होतं. हे उघड विचारावं. खरं उत्तर हवं असेल तर विचारताना आवाज चढवू नये.

आपल्या प्रसंगात दोघांचंही क्रिएटिनीन १०.५८ ला व्हॅलिडेट झालं होतं, पण सेंटरची सेटिंग सगळ्या टेस्ट पूर्ण झाल्यावरच रिपोर्ट सोडायची असल्यामुळे बाहेर काही गेलं नव्हतं. रिपोर्टमध्ये हे असंच लिहायचं, स्टेटसचा स्क्रीनशॉट वेळेसकट जोडायचा. त्यानंतर लिहायचं की ११.१० ला त्या दोघांसकट नेट बंद असतानाच्या सगळ्या १४ रुग्णांचे रिपोर्ट होल्डवर टाकले. होल्ड कोणी टाकला आणि काढण्याचा अधिकार कोणाचा, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं. नाहीतर दुपारच्या शिफ्टचा माणूस पेंडिंग यादी बघून सद्भावनेने रिपोर्ट सोडून मोकळा होतो.

ट्यूब फेकायच्या नाहीत हे सांगायला नको, पण डिस्कार्डची ठरलेली वेळ कुणाच्या लक्षात येत नाही. त्या १४ जणांच्या सगळ्या ट्यूब वेगळ्या स्टँडमध्ये काढून 'हलवू नये' अशी चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवायच्या.

काय सापडलं: आकडे शेजारी शेजारी मांडा

रिपोर्टमध्ये रुग्णांची नावं नकोत. हा कागद मीटिंगमध्ये फिरतो, ऑडिटरसमोर जातो. लॅब नंबर द्या आणि मजकुरात 'रुग्ण १', 'रुग्ण २' म्हणा.

रुग्ण १ ही ३४ वर्षांची बाई. तीन आठवड्यांपूर्वी हिमोग्लोबिन ८.९, एमसीव्ही ६९. आज त्याच नावाच्या जांभळ्या ट्यूबमधून हिमोग्लोबिन १३.१, एमसीव्ही ९२. रुग्ण २ हे ६६ वर्षांचे, डायबेटिसचे. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन १३.४, एमसीव्ही ९१, एचबीएवनसी ८.२. आज हिमोग्लोबिन ९.०, एमसीव्ही ७०, एचबीएवनसी ५.७.

यात सगळ्यात जास्त बोलतो तो एमसीव्ही. हिमोग्लोबिन रक्तस्रावाने, सलाईनने झटकन बदलतं. लाल पेशींचा सरासरी आकार मात्र तसा बदलत नाही, कारण पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि नव्या पेशी हळूहळूच मिसळतात. लोहाच्या गोळ्यांनी तो वाढतो, पण तीन आठवड्यांत ६९ चा ९२ होत नाही. एचबीएवनसीचा आकडा इथे दुय्यम पुरावा आहे. औषधं बदलून चार महिन्यांत ८.२ वरून ५.७ वर येणं अशक्य नाही, आणि रिपोर्टमध्ये तसं प्रामाणिकपणे लिहावं. सगळे पुरावे सारख्याच वजनाचे दाखवले की वाचणाऱ्याचा विश्वास कमी होतो.

आता याच दोघांच्या पिवळ्या जेल ट्यूबकडे बघा. रुग्ण १ चं क्रिएटिनीन आधी ०.६, आज ०.६. रुग्ण २ चं आधी १.९, आज २.०. म्हणजे सीरम जागच्या जागी आहे, फक्त जांभळ्या ट्यूब फिरल्या आहेत. एकाच माणसाच्या एका ट्यूबचा निकाल जुळतो आणि दुसरीचा जुळत नाही, म्हणून रक्त काढताना चुकीचा माणूस खुर्चीत बसला होता ही शक्यता जवळजवळ गळते. चूक रक्त काढल्यानंतर, ट्यूब हातात असताना झाली आहे. पुढचा सगळा तपास या एका निरीक्षणावरून वळतो, म्हणून ते ठळक लिहा.

दुसरं काही कारण नाही ना?

डेल्टा चेक इतकंच सांगतो की आजचं आणि मागचं सॅम्पल एका माणसाचं वाटत नाही. दोनपैकी चुकीचं कोणतं, हे तो सांगत नाही. मागच्या वेळचंच सॅम्पल दुसऱ्याचं असू शकतं! म्हणून शक्य असेल तर त्याच्याही आधीचा तिसरा रिपोर्ट काढावा. इथे रुग्ण २ चे दोन वर्षांतले चार रिपोर्ट होते आणि सगळ्यांत एमसीव्ही ९० च्या आसपास. रुग्ण १ चा एकच होता.

रक्त चढवलं असेल का? एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं, म्हणजे ८.९ चं १३.१ व्हायला चारेक पिशव्या लागल्या असत्या. स्लिपवर तशी नोंद नाही. तरी विचारून घेणं सोपं असतं. सॅम्पल जुनं झालं असेल का? ईडीटीएमध्ये रक्त फार वेळ राहिलं तर पेशी फुगतात आणि एमसीव्ही वाढतो, पण ही ट्यूब तीन तासांपूर्वीची आहे आणि दुसऱ्या रुग्णाचा एमसीव्ही उलट घसरला आहे.

याच वेळी कुणीतरी सुचवतं, "मशीनवर परत लावून बघू." जरूर लावा. आकडे तेच आले की मशीन बरोबर आहे इतकंच सिद्ध होतं. ट्यूब कोणाची, हे मशीनला माहीत नसतं. 'रिपीट केलं, निकाल कन्फर्म' असं लिहून रिपोर्ट सोडून देणं हा या कामातला सगळ्यात घातक शॉर्टकट आहे.

ट्यूबच साक्ष देते

इथे दोन तपासण्या कराव्यात. दोन्ही स्वस्त आहेत.

पहिली नुसत्या डोळ्यांची. ट्यूबच्या मूळ कागदी लेबलवर पेनने नाव लिहिलेलं आहे आणि त्यावर बारकोड चिकटवला आहे. आधी ट्यूबचे चारही बाजूंनी फोटो काढा. मग दोन कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत बारकोडची एक कड चिमट्याने हळूच, फक्त अक्षरं दिसतील इतकी उचला. पूर्ण सोलू नका. डिंक निळी शाई ओढून घेतो आणि पुरावाच पुसला जातो. आपल्या प्रसंगात रुग्ण १ चा बारकोड लागलेल्या ट्यूबवर, कडेखाली, मोठ्या अक्षरात आडनाव आणि त्याखाली बारीक अक्षरात पुरुषाचं नाव दिसलं. दुसऱ्या ट्यूबवर तेच आडनाव आणि बाईचं नाव. ठाण्या-नवी मुंबईत म्हात्रे, पाटील, भोईर एका सकाळी चार-पाच वेळा येतात, त्यामुळे यात नवल काही नाही. नात्याचा संबंधही नाही.

दुसरी तपासणी रक्तगटाची. जांभळ्या ट्यूबमधल्या पेशींचा गट फॉरवर्डने पाहायचा आणि त्याच नावाच्या पिवळ्या ट्यूबमधल्या सीरमचा रिव्हर्सने. ट्यूब एकाच माणसाच्या असतील तर दोन्ही जुळायलाच हवेत. इथे रुग्ण १ च्या नावाच्या जांभळ्या ट्यूबमधल्या पेशी ओ गटाच्या निघाल्या, पण तिच्या सीरमने फक्त ए पेशींचे गोळे केले, म्हणजे सीरम बी गटाचं. रुग्ण २ च्या बाबतीत बरोबर उलट: पेशी बी, सीरम ओ. आडवी-उभी जोडी जुळली.

या तपासणीची मर्यादाही लिहा. गट जुळले नाहीत तर ट्यूब वेगळ्या माणसांच्या आहेत हे जवळजवळ नक्की, पण जुळले म्हणून एकाच माणसाच्या आहेत असं होत नाही. आपल्याकडे ओ आणि बी गटाची माणसं इतकी आहेत की योगायोगाने जुळणं सहज शक्य असतं. शिवाय खूप वयस्कर रुग्णांत सीरममधल्या अँटीबॉडी क्षीण असतात, तिथे रिव्हर्स फसवू शकतो. आणि हा गट ओळख पटवण्यासाठी पाहिलेला आहे. तो रुग्णाच्या रिपोर्टवर छापायचा नाही.

बाकीचे बारा

दोघं सापडले की तपास संपला असं वाटतं, आणि कच्चा रिपोर्ट इथेच ओळखू येतो. स्टिकरची पट्टी एका ट्यूबने सरकली असेल तर चूक दोघांपुरती राहत नाही. दुसऱ्याचं तिसऱ्याला, तिसऱ्याचं चौथ्याला अशी साखळी होते, आणि त्यातल्या ज्यांचा जुना रिपोर्टच नाही त्यांच्यावर डेल्टा चेकचा झेंडा लागत नाही. पहिल्यांदा आलेला रुग्ण इथे पूर्ण उघडा असतो.

म्हणून व्याप्ती ठरवताना 'त्या दिवशीचे सगळे' असं ढोबळ लिहू नका. एलआयएसच्या लॉगमध्ये बारकोड छापल्याची वेळ असते. ८.५२ ते ८.५४ दरम्यान १४ जणांचे स्टिकर छापले गेले. त्याआधीचा शेवटचा आणि नंतरचा पहिला रुग्ण नेहमीच्या पद्धतीने, रक्त काढायच्या आधी बारकोड छापून झालेला. म्हणजे संशयाची हद्द या १४ पर्यंतच. त्या प्रत्येकाच्या प्रत्येक ट्यूबवरचं पेनचं नाव बारकोडशी ताडून पाहिलं. दहा जणांचं सगळं जुळलं. दोन ठिकाणी पेनची अक्षरं वाचता आली नाहीत. त्या दोघांचा गट जुळत होता, पण वर सांगितलेल्या मर्यादेमुळे त्यांनाही पुन्हा सॅम्पलसाठी बोलावलं. 'बहुतेक बरोबर असावं' या शेऱ्यावर रिपोर्ट सोडायचा नसतो.

लेबल उलट लावून सोडून द्यावं का?

इतका पुरावा हातात असताना मोह होतोच. दोन जांभळ्या ट्यूबचे निकाल आपसात बदलले की काम झालं, रुग्णाला पुन्हा टोचायला नको. माझं मत स्पष्ट आहे: नाही. पुरावा कितीही भक्कम असला तरी तो आपण मागाहून जोडलेला आहे. सीबीसी आणि एचबीएवनसीसाठी पुन्हा दोन मिली रक्त घेता येतं आणि दोन्हींसाठी उपाशी राहावं लागत नाही. जांभळ्या ट्यूबचे निकाल 'ओळख अनिश्चित' म्हणून रद्द करायचे. एलआयएसमध्ये ते पुसायचे नाहीत, कारणासकट रद्द दाखवायचे. पिवळ्या ट्यूबवरचं पेनचं नाव, क्रिएटिनीनचा जुना आकडा आणि बारकोड तिन्ही जुळत असल्यामुळे त्यांचे निकाल ठेवता येतात, पण तो निर्णय पॅथॉलॉजिस्टचा आणि सहीही त्यांची.

अपवाद असतो तो पुन्हा मिळू न शकणाऱ्या सॅम्पलचा: पाठीच्या मणक्यातलं पाणी, बायोप्सीचा तुकडा, बोन मॅरो. तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, ओळखीबद्दलची शंका रिपोर्टवर स्पष्ट छापून निकाल देता येतो.

रुग्णाला फोन करताना 'रक्त गोठलं', 'मशीन बंद पडलं' असली कारणं सांगू नका. उद्या तेच रुग्ण सेंटरवर येऊन विचारतात आणि काउंटरवरचा माणूस वेगळंच सांगतो. "काका, सकाळी घेतलेल्या एका ट्यूबच्या लेबलबद्दल आमची खात्री पटली नाही, म्हणून तो रिपोर्ट आम्ही दिलेला नाही. घरी येऊन पुन्हा थोडं रक्त घेतो, उपाशी राहायची गरज नाही, पैसे लागणार नाहीत." एवढं पुरतं. डॉक्टर वाट बघत असतील तर उशीर होणार हे त्यांनाही कळवा. फोन कोणी, किती वाजता केला, हे रिपोर्टमध्ये येतं.

काय होऊ शकलं असतं

रिपोर्ट सुटला नाही म्हणून 'परिणाम: नाही' असं लिहून भागत नाही. सुटला असता तर काय, ते लिहायचं, कारण उपाय किती खोल करायचा हे त्यावर ठरतं. रुग्ण १ चं हिमोग्लोबिन १३.१ बघून तिचं लोह बंद झालं असतं. रुग्ण २ चं ५.७ बघून साखरेची गोळी कमी झाली असती. शिवाय ६६ व्या वर्षी हिमोग्लोबिन चार ग्रॅमने पडलेलं बघून कोणताही सावध डॉक्टर आतड्यातल्या रक्तस्रावाचा शोध सुरू करतो, म्हणजे त्यांना विनाकारण कोलोनोस्कोपीला जावं लागलं असतं.

मूळ कारण: 'घाई' लिहू नका

रूट कॉजच्या रकान्यात 'कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष' लिहिलं की पुढे उपायही 'समज दिली' एवढाच उरतो, आणि पुढच्या वेळी नेट गेलं की वेगळ्या कर्मचाऱ्याकडून तेच होतं. त्या टेबलावर काय मांडलं होतं ते विचारा. सेंटरवर ट्यूब रुग्णानुसार नव्हे, टोपीच्या रंगानुसार लावल्या जात होत्या, कारण रायडरच्या बॅगेतले रॅक तसे भरायचे असतात. १४ जांभळ्या ट्यूब एका ओळीत उभ्या. स्टिकर लावणारी व्यक्ती पेनने लिहिलेलं मोठं आडनाव वाचून स्टिकर लावत गेली. एकाच आडनावाच्या दोन ट्यूब शेजारी होत्या. पिवळ्या ट्यूबच्या वेळी बरोबर जुळलं ते नशिबाने. आणि नेट गेल्यावर काय करायचं याची लेखी पद्धत सेंटरवर नव्हतीच. मूळ कारण हे आहे.

मग उपायही नेमका सुचतो. सेंटरवर आधीच छापलेल्या नंबरच्या स्टिकरची शीट ठेवायची, प्रत्येक नंबर पाच वेळा छापलेला. नेट गेलं की तोच नंबर स्लिपवर आणि त्या रुग्णाच्या प्रत्येक ट्यूबवर, रुग्ण खुर्चीत असतानाच, त्याच्याकडून पूर्ण नाव आणि जन्मतारीख वदवून लावायचा. "तुम्हीच अमुक ना?" असं विचारायचं नाही, रांगेत कंटाळलेला माणूस कशालाही हो म्हणतो. त्याच्या सगळ्या ट्यूब एका झिप पिशवीत. नेट आल्यावर एका वेळी एकच पिशवी उघडायची, त्याच एका रुग्णाचे बारकोड छापायचे, लावायचे, मग पुढची पिशवी. बारकोड असा लावायचा की नंबर झाकला जाणार नाही. लॅबमध्ये घेणाऱ्याने दोन्ही ताडून पाहायचे. याने सकाळच्या गर्दीत वेळ जास्त जातो. सेंटरवाले कुरकुर करतील, आणि त्यांचं म्हणणं खोटं नसेल. म्हणून नेट बंद असताना रायडर उशिरा निघेल हे त्याच पद्धतीत लिहून टाकावं.

पुन्हा घेतलेली सॅम्पल, रद्द केलेले निकाल, रुग्णांना केलेले फोन ही तात्काळ दुरुस्ती. स्टिकर शीट आणि पिशवीची पद्धत हा सुधारणा उपाय. दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका. पहिली त्याच दिवशी पूर्ण होते, दुसऱ्याला तारीख आणि जबाबदार व्यक्ती लागते.

रिपोर्ट बंद कधी करायचा

प्रशिक्षण झालं, हजेरीपत्रक जोडलं, रिपोर्ट बंद, असं सर्रास केलं जातं. प्रशिक्षण दिलं याने पद्धत चालते हे कळत नाही. नवं सॅम्पल आल्यावर रुग्ण १ चा एमसीव्ही ७० आणि रुग्ण २ चा ९१ आला, हे आधी लिहा, कारण अदलाबदलीचा निष्कर्ष त्यानेच पक्का झाला. मग सेंटरवर मुद्दाम अर्धा तास नेट बंद करून एकदा सराव घ्या आणि त्यातली प्रत्येक ट्यूब लॅबमध्ये तपासा. पुढे पावसाळ्यात नेट जायचंच. तशा प्रत्येक वेळेची यादी एलआयएसच्या लॉगवरून काढा, त्या काळातल्या सगळ्या ट्यूबवरचा नंबर आणि बारकोड ताडा. नेट खरोखर बंद पडल्याच्या तीन वेळा निर्दोष गेल्या की क्वालिटी मॅनेजरने सही करून रिपोर्ट बंद करावा. एक जरी ट्यूब चुकली तर नवा एनसी नंबर न काढता हाच रिपोर्ट पुन्हा उघडायचा आणि मूळ कारणाच्या रकान्यापासून परत लिहायचा.